चौघांची ओळख, एकेका वाक्यात

आमच्याकडे कुणाची ओळख करून द्यायची म्हणजे माणूस निदान पाच मिनिटं उभा राहतो. गाव, वडील काय करतात, शिक्षण कुठं झालं, स्वभाव किती मनमिळाऊ, आणि शेवटी ‘त्यांच्याबद्दल बोलावं तेवढं थोडंच’. शाल आणि नारळ हातात येईपर्यंत ज्याचा सत्कार तोच कंटाळलेला असतो. मी अशाच कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करत मोठी झाले. त्यामुळे नांदेडच्या आमच्या कॉलेजातून लातूरच्या हॅकेथॉनसाठी, म्हणजे ठरल्या वेळात तिथंच बसून कोड लिहायच्या स्पर्धेसाठी, आमची निवड झाली आणि मंचावर बोलायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी टीमचा परिचयही तस्साच लिहिला.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तो ऐकला आणि कागद परत दिला. म्हणाल्या, “हे लग्नाचं स्थळ सुचवून राहिली का? एका माणसाला एक वाक्य. नाव आणि त्यानं काय केलं. बस्स.”

मला राग आला. मला तो लवकर येतो. मी म्हटलं, “मॅडम, एका वाक्यात माणूस कसा सांगायचा?”

“माणूस नाही सांगायचा, काम सांगायचं. परीक्षक ते वाक्य लक्षात ठेवतात आणि त्या कामावरचा प्रश्न त्याच माणसाला टाकतात. तू म्हणालीस ‘हिनं सर्वांना मदत केली’, तर तिला विचारतील, कसली मदत? मग ती बघत बसेल.”

हे पटायला मला दोन दिवस लागले. पटलं तेव्हा मात्र पक्कं पटलं. आमचं काम असं होतं : शेतकऱ्यानं साध्या फोनवरून एक नंबर लावायचा, आपल्या बोलीत विचारायचं, ‘धर्माबादला सोयाबीन काय भाव हाय?’, आणि पलीकडून मशीननं भाव सांगायचा. यंत्राला पुस्तकी मराठी कळते, आमची कळत नाही, ही खरी अडचण होती. म्हणून ओळखीचा क्रमही आवाज ज्या वाटेनं जातो तोच ठेवला. आधी ज्यानं माणसांचे आवाज गोळा केले तो. मग त्या आवाजांवर मॉडेलला, म्हणजे बोलणं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवणारा. मग फोन आणि बाजारभावांची माहिती जोडणारी, सर्व्हर सांभाळणारी मुलगी. शेवटी मी, सादरीकरणात पडद्यावर दिसणारं बनवणारी आणि बोलणारी.

पहिलं वाक्य ज्याचं होतं, तो इस्लापूरकडच्या एका खेड्यातला. सुट्टीत गावोगाव फिरून त्यानं लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं आणि प्रत्येक तुकड्यातला शब्द न् शब्द, जसा उच्चारला तसा, लिहून काढला होता. हे काम फार किचकट. कुणी मध्येच खोकतो, कुणी बैलावर ओरडतो, कुणी भाव विचारता विचारता पोरीच्या लग्नाचं सांगू लागतो. आम्हा तिघांना ते जमलं नसतं, आणि आम्ही तसं बोलूनही दाखवायचो. डेटा आधी गोळा केलेला चालेल, कोड मात्र तिथंच लिहायचा, असा स्पर्धेचा नियम होता, म्हणून त्याचं बरंचसं काम आधीच झालं होतं.

हॅकेथॉनच्या थोडं आधी त्याचे वडील गेले. शेतातून येऊन बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं.

तेरावा उरकून तो परत आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. आमच्या भागात असं डोकं घेऊन तरुण मुलगा बाहेर पडला की त्याला तोंड उघडावं लागत नाही. चहावाला विचारतो, कंडक्टर विचारतो, अनोळखी बाई बाजूला बसून विचारते, “कोन गेलं रे बाळा?” आणि उत्तर ऐकलं की हातातलं काम काढून घेते. मेसमध्ये त्याला स्वतःचं ताट उचलू देत नव्हते. प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलं, तू नुसता बस. लोक चांगलेच होते, त्यात वाद नाही. पण तो दिवसेंदिवस गप्प होत गेला.

लातूरला जायच्या आधी आम्ही परिचयाची तालीम केली. मॉडेलवाला म्हणाला, “ह्याच्या वाक्यात तेवढं टाक ना. वडील जाऊनसुद्धा आला म्हणून. परीक्षकांवर परिणाम होईल.”

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वरमलाच. तेवढ्यात ज्याच्याबद्दल चाललं होतं तोच बोलला. कितीतरी दिवसांनी एवढं लांब बोलला असेल.

“माझं डोकं दिसून राहिलं की सगळ्यांना. तोंडानं कशाला सांगता? घरी सगळे म्हनत होते, राहू दे, नको जाऊ. आई एकटी म्हनली, तुझं काम हाय ना तितं, मग जा. मी कामासाठी आलो. तू काम सांग माझं. दुसरं काई बी नको.”

“शब्द दिला,” मी म्हटलं.

लातूरच्या त्या सभागृहात आमची पाळी दुपारी आली. आमच्या आधीच्या टीमनं परिचयातच बहुतेक वेळ घालवला आणि डेमो सुरू होतो न होतो तोच घंटा वाजली. मी माईक घेतला. पहिलंच वाक्य म्हटलं : त्याचं नाव, आणि “ह्यानं गावोगावच्या माणसांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातला प्रत्येक शब्द लिहून काढला.” मग मॉडेलवाल्याचं, मग सर्व्हरवालीचं, मग माझं. परिचय झाला. मला वाटलं, मी शब्द पाळला.

पण तीन परीक्षकांपैकी मधले, वयानं मोठे, माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्याच्या डोक्यावर होती.

“कोण गेलं बाळा?”

माईक माझ्या हातात होता, तरी त्याचं उत्तर मागपर्यंत ऐकू गेलं. “वडील.”

“अरेरे. आणि तू असा उभा? बस, बस. खुर्ची द्या रे त्याला कोणीतरी.”

खुर्ची आली. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तो बसला, मंचाच्या एका कडेला, हात मांडीवर ठेवून. आम्ही तिघं उभे. फोन लावून दाखवला, बोलीतला प्रश्न विचारला, मशीननं भाव सांगितला, टाळ्याही पडल्या. माझं लक्ष त्या खुर्चीकडे होतं. मला इतकं वाईट वाटत होतं की पुढची दोन वाक्यं मी नुसती पाठ म्हणून टाकली.

मग प्रश्न. सर्व्हरवालीला विचारलं, बाजार समितीचा भाव उशिरा आला तर काय सांगता? तिनं सांगितलं, कोणत्या दिवसाचा भाव आहे तेही मशीन बोलते. मला विचारलं, आकडा ऐकू आला नाही तर? मी म्हटलं, एक दाबलं की पुन्हा ऐकू येतो. मग ते मधले परीक्षक मॉडेलवाल्याकडे वळले. “ज्या माणसांच्या आवाजावर तुम्ही शिकवलं, त्यांच्याच आवाजावर तपासलं का? तसं असेल तर तुमच्या बरोबर आलेल्या उत्तरांना काही अर्थ नाही.”

प्रश्न अगदी नेमका होता, आणि तो आवाजांचा होता. मॉडेलवाल्यानं तयार फायली घेतल्या होत्या, त्या कशा वेगळ्या केल्या हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. तो अडखळला आणि म्हणाला, “हो सर, म्हणजे, सगळेच आवाज वापरले...”

मी मध्येच बोलले. “सर, हे काम ह्याचं नाही. मी सुरुवातीला सांगितलं होतं. आवाज त्यानं गोळा केलेत.” मी खुर्चीकडे हात केला.

“असू दे, असू दे,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्या पोराला कशाला त्रास?”

ते प्रेमानंच बोलत होते. पण मला दिलेला शब्द आठवत होता, आणि माझा तो लवकर येणारा रागही आलाच होता. “सर, तो त्यासाठीच आलाय. त्याला विचारा.”

मॅडम पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो खुर्चीवरून उठला होता.

“बरं,” ते म्हणाले. “सांग.”

“तसं न्हाई केलं सर. आमच्या इस्लापूरकडचे सगळे आवाज मी बाजूला ठेवले. मॉडेलला ते एकदा बी ऐकवले न्हाईत. तपासलं त्याच्यावरच. शिकवलं ते धर्माबाद, लातूरजवळचं मुरुड, तिकडच्या आवाजांवर. एक माणूस दोन्हीकडं न्हाई.”

“बायकांचे आवाज किती?”

“कमी हाईत सर. बायका फोन बघितला की आत जायच्या.”

“मग बायकांनी विचारलं तर चुकत असेल.”

“हाव. जास्त चुकतं.”

“हे तुमच्या पडद्यावर कुठं लिहिलंय?”

“न्हाई लिहिलं सर. लिहायला पाहिजे होतं.”

आता त्या गृहस्थांचा आवाज बदलला होता. ते पुढं सरकून बसले, टेबलावर कोपरं टेकवली आणि सकाळपासून इतर टीमच्या पोरांना जसं धारेवर धरलं होतं तसंच त्याला धरलं. लोकांची परवानगी घेतली का? ज्यांनी नको म्हटलं त्यांचे आवाज पुसले का? दोन शब्द सारखे ऐकू येतात तिथं काय लिहिलं? तो एकेक सांगत गेला. एक प्रश्न फोनवरच्या खरखरीमुळे आवाज किती बिघडतो याचा होता, तिथं तो थांबला, विचार केला, आणि म्हणाला, “ते मला माहीत न्हाई.” परीक्षकांनी मान डोलावली, धीराचा एक शब्दही बोलले नाहीत, आणि पुढचा प्रश्न टाकला. घंटा वाजली तेव्हाही त्यांचा प्रश्न अर्धाच राहिला होता. खुर्ची मागं तशीच रिकामी होती.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थही नाही. मॉडेलवाला बसमध्ये चढेपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि मॅडम म्हणाल्या, परीक्षकांशी असं बोलत नसतात. बरोबरच होतं त्यांचं.

नांदेडच्या एसटीत तो माझ्या पुढच्या सीटवर होता. अहमदपूर सोडल्यावर त्याच्या आईचा फोन आला. गाडीच्या आवाजात तो मोठ्यानं बोलत होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“न्हाई आई, नंबर न्हाई आला,” तो म्हणाला. मग थोडा वेळ तिचं ऐकत राहिला. “हाव, इचारलं ना. लई इचारलं. सगळ्यायपेक्षा मलाच जास्त इचारलं. अजिबात सोडलं न्हाई. एकाचं तर मला आलंच न्हाई.”

एवढं बोलून त्यानं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं, आणि वडील गेल्यापासून आमच्यादेखत जो एकदाही रडला नव्हता, तो फोन कानाला तसाच धरून रडायला लागला.