घासलेली फ्रेम

अंबडच्या कारखान्यात कारभारींनी उभी हयात ग्राइंडिंगवर, लोखंड घासण्यात काढली. त्यांच्या हातून सुटलेल्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्याच हातांनी २००३ साली त्यांनी पोरीच्या चष्म्याची कोरी फ्रेम पॉलिश पेपरने घासली.

योगिनी एकोणीस वर्षांची. देवळ्याच्या स्थळाला मुलगी पसंत होती, फक्त चष्मा नको होता. लेझरने नंबर जातो असं कळल्यावर कारभारी डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशी करून आले. अठरा पूर्ण हवीत, वर्षभरात नंबर हललेला नको, जुना चष्मा घेऊन या, असं तिथे सांगितलं. पोरीचा नंबर तर वर्षात पावणेचारवरून पाचवर गेलेला. मग कारभारींनी जुना चष्मा कपाटात टाकला आणि महिन्यापूर्वीचा नवा जुना करून दाखवायचं ठरवलं. योगिनी बघत होती.

"चष्मा किती जुना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन वर्सं झाली, म्याडम."

काच यंत्रावर लावली. पाच. डोळ्यांचाही पाचच. कारभारींचा जीव भांड्यात पडला. बाईंनी फ्रेम उजेडात तिरकी धरली.

"काका, काम काय करता?"

"ग्राइंडिंग."

"तरीच. सगळे ओरखडे एकाच दिशेचे. आणि काचेवर एकही नाही. दोन वर्षं नुसती फ्रेमच नाकावर होती का?"

औषधाचे थेंब घेऊन उभी असलेली सिस्टर तोंड फिरवून हसली. बाईंनी योगिनीला विचारलं, "मागच्या वर्षी किती होता गं?"

तिने मान खाली घातली. "पावणेचार."

"काका, डोळा अजून बदलतोय. त्याला लग्नाची तारीख कळत नाही. आज पाच घालवले तरी पुढे पुन्हा चष्मा लागेल. लेझरने बुबुळ घासलं की ते परत भरत नाही."

जास्त घासलेला जॉब भंगारात जातो, हे कारभारी कारखान्यातल्या नव्या पोरांना ओरडून शिकवत.

"मग कवा करायचं?"

"वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नको. बहुतेकांचा विशीत कधीतरी थांबतो. तिशीतही करता येतं. चाळिशीनंतर जवळचा चष्मा तसाही लागतोच. घाई कसली?"

देवळ्याची मंडळी घरी आली तेव्हा योगिनी तीच फ्रेम घालून बाहेर आली. "दुसरा घाल ना," कारभारी पुटपुटले.

"हाच बरा आहे, आण्णा. जुना दिसतो."

स्थळ गेलं. पुढच्या वर्षी नंबर पावणेसहा झाला. तिने काचा बदलल्या, फ्रेम तीच ठेवली. त्यापुढच्या वर्षी नंबर हलला नाही. बाकीच्या तपासण्याही ठीक निघाल्या. तेव्हा बाई "हो" म्हणाल्या.

लेझरला आत जाताना योगिनीने चष्मा काढून कारभारींच्या हातात दिला. बाकावर बसून त्यांनी दांडीवरून अंगठा फिरवला. ओरखडे अजून हाताला लागत होते, सगळे एकाच दिशेचे.