मास्तर का टिकत नाहीत

तालुक्याच्या शिक्षक संमेलनात वाचायला साहेबांनी मला निबंध सांगितला: खेड्यातल्या शाळेत मास्तर का टिकत नाहीत? ‘मुद्देसूद लिहा,’ म्हणाले. हा घ्या मुद्देसूद!

परिस्थिती. टाकव्याच्या पलीकडे, मारुतीच्या देवळात आमची शाळा. इयत्ता चार, मास्तर एक, तो मी. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून दुसरीला शुद्धलेखन सांगायचं, तिसरीला गणित घालायचं, तोवर चौथी एकमेकांच्या शेंड्या ओढतेय. वर गावचं टपालही माझ्याच गळ्यात. आलेलं पत्र वाचून दाखवा, उत्तरही तुम्हीच लिहा! माझ्याआधीचे दोघे वर्ष न भरता पळाले, त्यात नवल ते काय?

लक्षणे. तिसऱ्या वर्षी शाळेची घंटा वाजवायचाही मला कंटाळा येऊ लागला. एकदा दुसरीतल्या पोरीनं बरोबर उत्तर दिलं, तरी मी तिच्या अंगावर खेकसलो. तिनं पाटी छातीशी धरली. माझी मलाच लाज वाटली. त्याच दुपारी शाळा बोर्डाला बदलीचा अर्ज लिहिला.

अर्ज पाकिटात घालणार, तेवढ्यात त्या पोरीचे आजोबा दारात. आता हे भांडणार, या विचारानं मी कागद उलटा केला.

“मास्तर, बोर्डाला गावचा अर्ज लिवा. मी सांगतो तसं.”

कोरा कागद शोधायचं त्राण नव्हतं. माझ्याच अर्जाच्या पाठीवर कच्चा मसुदा उतरवायला बसलो.

“लिवा, आमचा मास्तर लय चांगला. पर आताशा हसत न्हाई. पोरांवर वसकन येतो. त्यो वंगाळ न्हाई, दमलाय. त्याला जोडीदार द्या. त्याला मातुर नेऊ नका.”

“आबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“नातीनं. म्हनली, मास्तर दमल्यात, तुमी कायतरी करा.”

माझा टाक थांबला. डोळे पुसले आणि शाई उडाली म्हणून सांगितलं. आबांनी खरं मानलं की नाही, देव जाणे!

उपाय. गावचा अर्ज स्वच्छ लिहून धाडला. बोर्डाकडून जोडीदार काही आला नाही. पण गावानं वरिष्ठांकडे खटपट करून टपाल दुकानदार चाचांकडे दिलं. आबांना पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ. रोज दुपारी पहिलीला पारावर बसवून ते असे खणखणीत म्हणवून घ्यायचे की रस्त्यानं जाणारे गाडीवानसुद्धा सूर धरत. मला तेवढा तासभर चौथीकडे नीट बघता येई. मी पुन्हा हसायला लागलो, आणि राहिलो.

निष्कर्ष. साहेबांनी निबंधाला पुरावा जोडायला सांगितला होता. मी तो जुना कागद जोडला आणि वर लिहिलं, ‘कृपया दोन्ही बाजू वाचाव्यात.’