निळ्या गोलातलं वळण

लातुरात मी गाडी चालवायला शिकवतो. गेली बावीस वर्षं तेच करतोय. या बावीस वर्षांत मला क्लच जाळणाऱ्यांचा राग आला नाही, ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबणाऱ्यांचाही आला नाही. किळस आली ती एकाच वाक्याची. "सर, ते बोर्डाचं सोडा, उत्तरं तेवढी पाठ करून घ्या."

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत खुणांची चित्रं येतात. लोक ती देवाच्या आरतीसारखी पाठ करतात आणि परीक्षेच्या दारातून बाहेर पडले की विसरतात. डॉक्टर विसरतात, वकील विसरतात, ज्यांनी स्वतः शाळेत पोरांना पाढे शिकवले ते मास्तरही विसरतात. मी मात्र हट्टाने पहिले दोन दिवस गाडीला हात लावू देत नाही. खोलीत बसवतो, पुठ्ठ्याचे आकार हातात देतो आणि विचारतो, हा काय म्हणतोय? टोक वर, लाल काठाचा तिकोन असेल तर तो सावध करतोय. पुढे वळण आहे, शाळा आहे, चढ आहे. ऐकायचं आणि जपून जायचं, पण जायचं आपल्याच वाटेने. गोल असेल तर तो हुकूम. लाल काठाचा गोल बहुतेक वेळा मना करतो किंवा मर्यादा घालतो. निळा गोल सांगतो की हेच करा, दुसरं काही नाही. आणि चौकोन असेल तर ती नुसती माहिती. पेट्रोल पंप पुढे आहे, दवाखाना इकडे आहे. पाहिजे तर घ्या, नको तर सोडा. चित्र काय आहे ते नंतर. आधी आकार आणि रंग, कारण ते लांबून दिसतात आणि चित्र जवळ आल्यावर कळतं.

दोन वर्षांपूर्वी एक बाई शिकायला आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, नवरा डाळ मिलमध्ये हमाल, त्याची कंबर गेलेली. औशाकडच्या एका शाळेला व्हॅन चालवायला बाई पाहिजे होती, पोरी जास्त होत्या म्हणून. घर आता या नोकरीवरच चालणार होतं. त्या सातवी शिकलेल्या, पण वाचण्याची भूक अशी की भज्याचा कागदसुद्धा सरळ करून वाचायच्या. माझे पुठ्ठ्याचे आकार त्यांनी घरी नेले, पोरांकडून उलटसुलट विचारून घेतले आणि तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाल्या, "सर, हुकूम गोल का आसतोय ते ध्यानात आलं. गोलाला कोपरा न्हाई, पळायला जागा न्हाई." बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

आधी शिकाऊ, मग पक्कं लायसन्स, मग रीतसर व्हॅनचं सगळं झालं आणि त्या कामाला लागल्या. दीड वर्ष एक ओरखडा नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शाळेने व्हॅनचा रस्ता बदलला. दोन गावं वाढली. नव्या रस्त्याचं काम नुकतंच झालं होतं, बाजूला अजून खडीचे ढीग पडलेले. त्या रस्त्यावर एके ठिकाणी उजवीकडे वळण आहे. बाजूला उभा ऊस असल्यामुळे वळण जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आणि वळणाच्या जरा अलीकडे उजव्या हाताला शेतात जाणारी गाडीवाट फुटते. तिथे वळणाची खूण लावलेली होती. लाल काठाच्या तिकोनात नाही, निळ्या गोल पत्र्यावर. पांढरा बाण, उजवीकडे मुरडलेला.

बाईंनी लांबून निळा गोल बघितला. म्हणजे हुकूम. बाण उजवीकडे, म्हणजे उजवीकडेच वळा. समोर उसाच्या भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं, खडीचे ढीग होते, आणि उजवीकडे वाट होती. त्यांना वाटलं, पुढे काम चालू आहे, रस्ता इकडून वळवलाय. त्यांनी इंडिकेटर दिला, वेग कमी केला, आणि अकरा लेकरांसकट व्हॅन त्या वाटेवर घातली. पन्नास पावलांवर काळ्या मातीने चाक गिळलं आणि व्हॅन पाण्याच्या चारीत कलली. एका पोराच्या कपाळाला दोन टाके पडले. बाकी सगळी रडली तेवढीच.

दुपारपर्यंत गावभर झालं. बाईच्या हातात गाडी दिली की आणखी काय होणार. रस्ता सोडून उसात कुणी जातं का. शाळेने त्यांना घरी बसवलं आणि आठ दिवसांनी बैठक ठेवली.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा रडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, गोल व्हता. निळा व्हता. मी चुकले का?"

मी गाडी काढली आणि थेट त्या वळणावर गेलो. बोर्ड बघितला. बोर्डाची किळस आली ती वेगळी, स्वतःची आली ती वेगळी. कारण त्याच रस्त्याला मोकळा म्हणून मी महिनाभर शिकाऊ लोकांना सरावाला नेत होतो. त्या निळ्या गोलासमोरून तीसएक वेळा गेलो असेन, शेजारच्या सीटवर बसून, "समोर बघा, समोर बघा" असं ओरडत. मला तो कधी दिसलाच नव्हता. मला रस्ता माहीत होता ना. ज्याला रस्ता माहीत असतो तो बोर्ड वाचत नाही, आणि बोर्ड असतो तो ज्याला रस्ता माहीत नाही त्याच्यासाठी.

फोटो घेऊन मी रस्त्याच्या कामाच्या कार्यालयात गेलो. इंजिनिअर साहेब तरुण होते, पाणी विचारलं, बसा म्हणाले. शेजारी ठेकेदाराचा सुपरवायझर तंबाखू मळत बसलेला. मी फोटो पुढे केला.

साहेब बघून म्हणाले, "वळण उजवीकडेच आहे ना? बाणही उजवीकडेच आहे. मग तक्रार कशाची?"

मी म्हटलं, "साहेब, वळणाची खूण तिकोनात पाहिजे. निळ्या गोलात बाण म्हणजे उजवीकडे वळायची सक्ती झाली."

सुपरवायझर हसला. "तिकोनी पत्रे संपले व्हते, सर. शहरातल्या सर्कलचे निळे गोल शिल्लक व्हते, त्यावरच बाण चिकटवून दिला. लई भारी चिकटलाय, पाच वर्सं निघायचा न्हाई. आन् येवढे लोक जातेत तिथून, कुणी उसात गेलं का?"

कुणीच गेलं नव्हतं, हे खरंच होतं. आणि तेच या लोकांचं प्रमाणपत्र. खोटी खूण लावायची, ती कुणी वाचत नाही म्हणून कुणी मरत नाही, आणि कुणी मरत नाही म्हणून ती खरी! वाचणारा एखादा निघाला की दोष त्याचा. साहेबांनी मान हलवली, "बदलून घेऊ" म्हणाले आणि पुन्हा फोनकडे वळले. हे सगळं शिकून, पदवी घेऊन त्या खुर्चीवर बसले होते. मला त्यांचं पाणी गिळवेना.

बैठकीला मी बाईंबरोबर गेलो. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते स्वतः, दोन पालक आणि आम्ही. मी फोटो मांडला, पुठ्ठ्याचे आकार मांडले, तिकोन काय, गोल काय, चौकोन काय, सगळं समजावून सांगितलं. बाईंनी चूक केली नाही, बोर्डाची चूक वाचली, असं म्हणालो. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्ही त्या रस्त्याने जाता. तुम्हाला हा बोर्ड चुकीचा आहे हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "अपघात झाल्यावर."

"म्हणजे तुम्ही बोर्ड न बघता सुखरूप गेलात, आणि ह्या बोर्ड बघून उसात गेल्या."

पालक हसले. मी पुठ्ठ्याचे आकार गोळा केले.

मग मुख्याध्यापकांनी मार्ग काढला. बाईंचं काम चांगलं आहे, पोरी त्यांना मानतात, त्यांना पुन्हा घेऊ. फक्त पालकांच्या समाधानासाठी त्यांनी लिहून द्यायचं, की यापुढे मी बोर्डावर विसंबणार नाही, रस्ता पाहूनच गाडी चालवीन. बाईंनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, माझं अक्षर बरं न्हाई. तुमीच लिव्हा."

मी लिहिलं. खुणा शिकवण्यावर पोट भरणाऱ्या हातानेच लिहिलं, बोर्डावर विसंबणार नाही. बाईंनी सवयीप्रमाणे पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं, एक सुस्कारा टाकला आणि सही केली. नोकरी राहिली. पालकांनी चहा घेतला. मला कधी एकदा त्या खोलीतून बाहेर पडतो असं झालं होतं.

परत येताना माझी गाडी त्यांनाच चालवायला दिली. आठ दिवस त्यांनी गाडीला हात लावला नव्हता, सवय मोडू नये एवढंच. मी शेजारी बसलो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत राहिलो. गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे एक बोर्ड आहे. त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर कडा मागे दुमडून डकवलेलं, गॉगल लावलेला चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. मूळचं एक अक्षर दिसत नव्हतं. लाल रंगही दिसत नव्हता.

बाईंनी गाडी पूर्ण थांबवली. मागे एक टेम्पो होता, त्याने हॉर्न दाबून धरला. मोठा रस्ता मला रिकामा दिसत होता.

"चला ताई, चला," मी म्हणालो.

त्यांनी ब्रेकवरचा पाय हलवला नाही. काचेतून बोर्डाच्या कडेकडेने बोट फिरवत म्हणाल्या, "आठ कोपरं हायत, सर. आठ कोपऱ्याचा एकच बोर्ड आसतोय. तुमीच तर सांगितलं व्हतं, थांबा."

तेवढ्यात उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन समोरून गेला.