महादेव आण्णांचा पुकारा

बेळगावजवळच्या कंग्राळीत महादेव आण्णांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आणि गंमत अशी, की आसपासच्या गावांत त्यांना ओळखणाऱ्या निम्म्या लोकांनी त्यांचं तोंड कधी धड बघितलेलंच नाही. ऐकलाय तो त्यांचा आवाज. आठवडाभर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरायचे, उरल्या वेळात शेत बघायचं, आणि जत्रांचे दिवस आले की पांढरा सदरा चढवून कुस्तीच्या मैदानात माईक धरायचा. चाळीस वर्षं हाच शिरस्ता.

अहो, काय तो पुकारा होता. चिंचेच्या झाडाला कर्णा बांधलेला, खाली हलगी कडाडतेय, आणि आण्णा हातात कागदाचं चिटोरंसुद्धा न घेता पैलवानाला बोलावतायत. आधी गावाचं नाव, लांबवून. मग त्याच्या वस्तादाचं. आणि सगळ्यात शेवटी त्या पोराचं स्वतःचं. ते पोर गर्दीतून उठून मातीत पाय ठेवीपर्यंत आण्णा पुढचा शब्द काढायचे नाहीत. पडलेल्या पैलवानालासुद्धा, आपलं नाव असं घेतलं गेलं म्हणून, घरी जाताना बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज गेला. आता बोलायचं म्हणजे नुसती हवा यायची, समोरच्यानं कान जवळ आणला तर शब्द कळायचे. आण्णांनी कुणापाशी कधी रडगाणं गायलं नाही. पण जत्रेचा कर्णा सुरू झाला की ते उठून खिडकी लावून घ्यायचे, आणि मनुबाई, त्यांची बायको, चहा टाकायची. तिला सगळं कळत होतं.

अशा माणसाकडं माघातल्या एका संध्याकाळी तेजस्वी आली. गल्लीतलीच पोर, बेळगावात एका लॅबमध्ये नोकरीला, आणि यंदापासून गावच्या युवक मंडळाची अध्यक्ष. मुलगी अध्यक्ष व्हायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं गावाचं सगळं लक्ष तिच्या पायाकडं, कुठं अडखळते बघायला. तिनं ठरवलं होतं, देवळासमोर एक संध्याकाळ भरवायची. म्हाताऱ्या माणसांनी आपल्या हातातलं कसब पोरांना शिकवायचं, आणि पोरांनी त्यांना मोबाईल शिकवायचा. अक्षरं मोठी कशी करायची, पेन्शनचा कन्नड मेसेज मराठीत कसा वाचायचा, असलं.

"आण्णा, तुमी बी यायचं. तुमचा सत्कार हाय. शाल, श्रीफळ," ती म्हणाली, आणि मोबाईलवर लिहून आणलेलं स्वागताचं भाषण वाचून दाखवायला लागली. "ज्येष्ठ म्हणजे अनुभवाचे वटवृक्ष..."

आण्णांनी हात वर केला. तेजस्वीनं कान पुढं केला.

"वटवृक्ष म्हणालीस तर मागावरचा यल्लाप्पा उठून घरला जाईल," ते कुजबुजले. "आणि आधी नारळ दिलास तर सगळीच जातील. हातात नारळ आला की म्हाताऱ्याला वाटतंय, झालं आपलं काम. चप्पल शोधाय लागतो."

पोरीनं मोबाईल बाजूला ठेवला. मग खालच्या आवाजात तिनं खरं ते सांगितलं. मंडळातल्या जुन्या मेंबरांचं म्हणणं, म्हातारी येतील, मागच्या कट्ट्यावर बसतील, भजी खाऊन जातील, शिकवायला एक उठायचा नाही. आणि तसं झालं, तर पुढच्या वर्षी अध्यक्ष दुसरा. "मला भाषण येत न्हाय, आण्णा. माईक धरला की घसा कोरडा पडतोय."

घशाचं नाव निघालं आणि आण्णांना हसू आलं. कोण कुणाला सांगतंय बघा.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून परतताना आण्णांच्या सोप्यात यायला लागली. तिथं लाटणं हा माईक. आण्णा कुजबुजत सांगायचे आणि ती मोठ्यानं म्हणायची. माईकवर टिचक्या मारायच्या नाहीत, फुंकायचं नाही. हनुवटीपासून मूठभर लांब धरायचा. पहिलं वाक्य फुकट जातं, तोवर लोक बसायची जागा बघत असतात, म्हणून त्यात महत्त्वाचं काही घालायचं नाही. म्हाताऱ्या कानांना वरचा सूर टोचतो, तेव्हा आवाज चढवायचा नाही, शब्द सुटे करायचे. संध्याकाळ कशी चालणार ते सुरुवातीलाच सांगून टाकायचं. कोण कुठं बसणार, किती वेळ, पाणी कुठं, मधनंच उठून गेलं तर चालेल का. माणसाला हे कळलं की तो निवांत बसतो.

"आणि नावं?" तेजस्वीनं विचारलं.

"नावं शेवटाला. त्याच्या आधी घरोघर जा आणि एकच इचार. तुमाला हे कुणी शिकवलं?"

ती गेली. आणि एकेका घरातून तासातासानं बाहेर पडायला लागली. काय शिकवाल म्हटलं की हात झटकणारी माणसं, कुणी शिकवलं म्हटलं की थांबेनात. कुणाचा चुलता निघाला, कुणाची आई, कुणाचा शेजारी. मेलेली माणसं पुन्हा ओसरीवर येऊन बसल्यासारखं झालं होतं, असं तिनं आण्णांना सांगितलं.

"आणि तुमाला कुणी शिकवलं, आण्णा?"

"मला कोण शिकवणार? आणि माझं नाव घ्यायचं न्हाय," आण्णा म्हणाले. "बिनआवाजाचा माणूस काय शिकवणार? मी एका कडंला बसतो." तेजस्वीनं मान खाली घातली. जाताना ती स्वयंपाकघरात मनुबाईपाशी बराच वेळ रेंगाळली, पण बायकांचं बोलणं म्हणून आण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी देवळासमोर सतरंज्या अंथरल्या. प्रत्येक सतरंजीवर त्या त्या कसबाचं सामान. एकीवर जुनी लुगडी आणि सुईदोरा, एकीवर दोर वळायला भिजवलेला अंबाडीचा वाक, एकीवर रेशमी सुताची रिळं. पोरं सतरंज्यांभोवती मोबाईल घेऊन तयार. आणि म्हातारी? जुने मेंबर म्हणाले होते तस्सं. सगळी मागच्या कट्ट्यावर ओळीनं. "आमी काय शिकवणार बाई," म्हणत एकमेकांकडं बघून हसतायत.

आण्णा खांबाला टेकून बसले. त्यांनी सतरंज्या मोजल्या. एक जास्तीची होती, तिच्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं. पोरांची मोजदाद चुकली असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

तेजस्वीनं माईक घेतला, आणि दुसऱ्या हातात मोबाईल. व्हायचं तेच झालं. घाबरली, आणि बघून वाचायला लागली. "आज या ठिकाणी उपस्थित असलेले..." कट्ट्यावर कुणीतरी भज्यांचा वास येतोय म्हणालं. घशात आवाज असता तर आण्णांनी तिथूनच सावरून घेतलं असतं. ते नुसते सरळ बसले, आणि तिची नजर वळल्यावर हात पालथा करून दाखवला. खाली ठेव ते.

तिनं मोबाईल खिशात घातला. माईक मूठभर लांब धरला. कोण कुठं बसणार, घंटा झाली की पोरं सतरंजी बदलतील, पण मोठ्यांनी जागचं हलायचं नाही, पाणी पारापाशी आहे, दमलात तर घरी सोडायला गाडी आहे, आणि शेवटी पोरं शिकवायला तुमच्याकडून मोबाईल मागून घेतील तेव्हा घाबरायचं नाही, हे सगळं तिनं घरात बोलावं तसं सांगितलं. मग थांबली.

"बेळगुंदीऽऽची लेक," तिनं पुकारलं. "कंग्राळीची सून. आपली आई रखमाबाई हिच्या मांडीला मांडी लावून वाकळ शिवायला शिकलेली... मालुबाई."

कट्ट्यावरचं हसू थांबलं. मालुबाईच्या माहेराचं नाव पन्नास वर्षांत या गावात कुणी घेतलं नव्हतं. आईचं तर नाहीच. म्हातारीनं पदर सावरला आणि उठली. आता आईचं नाव पुकारल्यावर बसून कसं राहायचं? ती सतरंजीपर्यंत पोचेस्तोवर तेजस्वी गप्प उभी राहिली. आण्णांनी ते बघितलं आणि मान हलवली.

"निपाणीऽऽचे. आपले चुलते पारिसाण्णा यांच्याकडून दावी वळायला शिकलेले... अण्णाप्पा. बर्री अण्णा, कुंडरी." लेकीकडं राहायला आलेला हा जैन म्हातारा 'या, बसा' असं कानडीत ऐकून खुलला, आणि धोतर सावरत चालत आला. मग शहापूरचे यल्लाप्पा, मागावर तुटलेला धागा एका हातानं सांधणारे. त्यांचे वस्ताद म्हणजे शेजारच्या मागावरचे भरमूमामा. ते नाव ऐकून यल्लाप्पांनी उठता उठता कानाच्या पाळीला हात लावला.

सतरंज्यांवर कुस्तीसारखी जोड लागली. मालुबाई सांगत होती, काठापासून धर, कोपरा सोडू नकोस. अण्णाप्पांच्या तळव्यात वाक फिरत होता. आण्णांना वाटलं, कर्णा तोच, माती तेवढी नाही. डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांनी टोपी काढली.

तेवढ्यात माईक पुन्हा बोलला.

"कंग्राळी गावचे." सगळ्यांनी माना वर केल्या. "शेताच्या बांधावरनं मार्कंडेय नदीपल्याड हाक पोचवणारी, सगळ्या भांगलणीच्या बायकांना नावानिशी जेवायला बोलवणारी गंगूबाई. तिचा लेक आणि तिचाच पठ्ठा... वस्ताद महादेव आण्णा. आणि त्यांची पठ्ठी मी, तेजस्वी."

मनुबाई कुठंतरी दुसरीकडंच बघत होती.

आण्णांना उठता येईना. चाळीस वर्षं त्यांनी गावोगावच्या पोरांना उठवलं होतं, पण माईक कायम त्यांच्याच हातात, त्यांचं नाव घेणार कोण? आणि आई तर जन्मभर बांधावर हाका मारून एका उन्हाळ्यात वारली, तिचं नाव कर्ण्यावर कधी आलं नव्हतं. खांबापासून त्या रिकाम्या सतरंजीपर्यंतचं अंतर एवढं लांब असतं, हे त्यांना आज कळलं. पोरगी मात्र थांबली होती. शिकवलं होतं तशी, एक शब्द न काढता, ते पोचेपर्यंत.

सतरंजीवर बसल्यावर त्यांनी तिला बोटानं जवळ बोलावलं. तिनं कान पुढं केला.

"घाई केलीस," ते कुजबुजले. "बाकीची सगळी गावं लांबवलीस, आणि आपलंच तेवढं गिळलंस."

"चुकलं, वस्ताद."

"मग पुन्हा म्हण. आईच्या नावापतोर."

तेजस्वी उठून उभी राहिली. माईक मूठभर लांब धरला आणि कंग्राळीचं नाव घेतलं, या वेळी लांबवून. आण्णांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणायला लागले.