ताईच्या करारातलं नववं कलम

माझी ताई खोक्यांवरची अक्षरं मांडते. बिस्किटं, साबण, मलम, काहीही. मागची जी बारीक अक्षरं तुम्ही न वाचताच खोकं टोपलीत टाकता ना, तीच. नोकरी सोडून तिला आठ वर्षं झाली. घरातल्याच पुढच्या खोलीत बसून काम करते. स्वभाव कीस काढण्याचा. दुकानदाराची पावतीसुद्धा बोट ठेवून वाचते आणि मागची रांग खोळंबून ठेवते.

गेल्या वर्षी एका बिस्किटाच्या कंपनीचं काम आलं. सोबत अकरा पानांचा करार. आम्ही सगळे खूश, आणि ही पेन्सिल घेऊन बसली.

"अगं, सही कर आणि मोकळी हो," मी म्हणालो. "एवढ्या मोठ्या कंपनीला तुझ्याशी भांडायला वेळ आहे होय?"

मी नोकरदार माणूस. माझं चुकलं तर साहेब ओरडतो, माझ्या घरावर कुणी येत नाही. ताईचा धंदा तिच्या एकटीच्या नावावर. उद्या देणं निघालं तर ते सरळ तिच्या घरावर यायचं, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलंच नव्हतं. तिने माझ्याशी वाद घातला नाही. वकिली करणाऱ्या आमच्या मावसबहिणीला बोलावलं.

मावसबहिणीने चहा गार होऊ दिला आणि आधी करार वाचला. "सातवं कलम चांगलं आहे. तुझी जबाबदारी त्या त्या कामाच्या मानधनाइतकीच. पण नवव्यात बघ. तुझ्या कामामुळे कंपनीचं जे काही नुकसान होईल ते सगळं तू भरून द्यायचंस, आणि सातव्यातली मर्यादा त्याला लागू नाही, असं लिहिलंय. पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं."

"मग काय मागू?"

"तू दुसऱ्याचं चित्र किंवा मजकूर उचललास आणि त्या मालकाने कंपनीवर दावा केला, तरच भरपाईची हमी. बाकी सगळ्या चुका सातव्याच्या मर्यादेत. मुद्दाम फसवलंस तर मात्र कुठलीही मर्यादा तुला वाचवणार नाही, आधीच सांगते."

कंपनीने तीन आठवडे घोळ घातला आणि शेवटी नववं कलम बदललं. तेवढे दिवस ताईच्या हाताला काम नव्हतं आणि माझ्या तोंडाला विश्रांती नव्हती.

चार महिन्यांनी ताई चुकली. तिच्या संगणकावर खोक्याचा प्रत्येक भाग वेगळ्या पारदर्शक कागदासारखा असतो, हवा तो लपवता येतो. मागचा रंग नीट दिसावा म्हणून तिने 'यात शेंगदाण्याचे अंश असू शकतात' ही ओळ लपवली. तेवढ्यात फोन आला आणि फाइल तशीच गेली. कंपनीच्या माणसानेही नमुना पाहून होकार दिला. तीस हजार खोकी छापून झाली, माल भरला, आणि गोदामातल्या पर्यवेक्षिकेच्या लक्षात आलं. एकही खोकं दुकानात गेलं नव्हतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या कुणाच्या लेकराला काही झालं नाही, हे ऐकून ताई आधी रडली. मग कंपनीच्या मॅनेजरसाहेबांचं पत्र आलं. फेरछपाई, पुन्हा भरणं, उशिराचा तोटा, सगळं ताईने द्यावं. आकडा वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. घर विकूनही तो पुरा झाला नसता.

"त्यांनीच होकार दिला होता ना? तेच सांग," मी म्हणालो.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "त्यांच्या होकाराने ती पुसली जात नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत कंपनीत गेलो. तिने चूक कबूल केली, माफी मागितली, आणि करार उघडून साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी त्यांच्या कायदा विभागातल्या बाईंना बोलावलं. बाईंनी सातवं वाचलं, नववं वाचलं, पुन्हा सातवं वाचलं.

"साहेब, आपल्याला या कामाचं मानधनच परत मागता येईल. त्यापुढे काही नाही," बाई म्हणाल्या. "हा बदल आपणच मान्य केलाय."

साहेबांनी डोकं खाजवलं. "एवढं बारीक वाचता, मग ती ओळ कशी सुटली हो तुमच्या हातून?"

"तेच तर तेव्हापासून स्वतःला विचारतेय," ताई म्हणाली. मानधन तिने तिथल्या तिथे फोनवरून परत केलं.

बाहेर आलो आणि माझा जीव भांड्यात पडला. ताई कंपनीच्या पायऱ्यांवरच बसली, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी शेजारी बसलो. तीन आठवडे तिच्या मागे लागलो होतो, ते सगळं एकेक आठवत होतं.

"ताई, तू माझं ऐकलं असतंस तर?"

तिने डोळे पुसले. "मग आज तुझ्याकडे राहायला आले असते," ती म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरला.