द्राक्ष उभं कापायचं

बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इतक्यात सोडणार नाही. थोरली पोर दीड वर्षाची. तिच्यासाठी सासूबाई धारवाडहून आमच्या मल्लेश्वरमच्या घरी आल्या. मी शिंपी, मशीन घरातच. तरी हा माणूस पोर सांभाळेल असं त्यांना वाटेना. त्यांचं चुकत नव्हतं.

मला एकच विद्या यायची. शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलायचा. पोर खिदळायची. त्या दिवशी मी काळं टपोरं द्राक्ष उडवलं आणि झेलताना डोळेपण फिरवले. पोरीच्या हातात एक होतं, ते तिनं तोंडात टाकलं आणि हसली. हसणं मधेच थांबलं. खोकला नाही, रडणं नाही. मी तिच्या तोंडात बोट घालायला गेलो, तर सासूबाईंनी माझा हात झटकला.

"बोट नको, आणखी आत जाईल."

त्यांनी पोरीला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहातानं जोरात थापट्या मारल्या. द्राक्ष माझ्या पायाशी पडलं. मग पोर रडली. मी तिच्याहून मोठ्यानं.

"हिला मी उद्याच धारवाडला नेते," सासूबाई म्हणाल्या. "जावई, तुम्हाला गिऱ्हाईक हसवायचं कळतं, मूल नाही."

"शनिवारपर्यंत थांबा मामी. मला शिकवा. चुकलो तर न्या."

"शिकाल?"

"शिवण शिकलोच की."

"तुम्ही शिवलेली चोळी मी घालून पाहिलीय."

तरी थांबल्या. मी पहिलं द्राक्ष आडवं कापलं. "हे तेवढंच गोल राहिलं, घशात बूच बसेल," म्हणाल्या. उभं कापायचं, परत उभं, चार फोडी, बिया काढून. गाजर कच्चं द्यायचं नाही. बोटांत दाबलं की चुरडलं पाहिजे इतकं शिजवायचं. दाणे भाजून अगदी बारीक कूट, तेही मऊ भातात कालवून. अख्खा दाणा ती चांगली मोठी होईपर्यंत नाही. एवढं जमलं. जमेना ते शेवटचं: पोर एका जागी बसून खाईल आणि बाप गप्प राहील.

शनिवारी सासूबाईंनी पोरीची झबली पेटीत भरली आणि समोर बसल्या. मी पोरीला चटईवर बसवून भरवायला लागलो. घास तोंडात घेऊन ती माझ्याकडे बघायची, आता डोळे फिरतील म्हणून. मी भिंतीकडे बघत होतो. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक.

"काय अण्णा, घरात कोणी वारलं का?"

जिभेवर आलेलं उत्तर मी गिळलं. तसलं चांगलं उत्तर मला पुन्हा कधी सुचलं नाही. पोरीनं शांतपणे चावलं, गिळलं आणि रिकामं तोंड उघडून दाखवलं. वाटी संपेपर्यंत असंच.

सासूबाई उठल्या. पेटीतून झबली काढून खुंटीला अडकवली.

"संध्याकाळचं गाजर कालच्यापेक्षा मऊ पाहिजे," म्हणाल्या. "मी इथंच आहे."