भाडेवाढीला दिलेलं उत्तर

परळला आम्ही भाड्याने राहायचो ते बाबांच्या डायलिसिससाठी. आठवड्यातून तीनदा जायचं, आणि सेंटर घरापासून सात मिनिटांवर. परतताना बाबांना एवढंच चालवायचं.

घरमालक काका निवृत्त झाल्यावर मुलाकडे डोंबिवलीला गेले होते. बाबा पहिल्यांदा ॲडमिट झाले तेव्हा काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्यामुळे अकरा महिन्यांचा करार संपायच्या दीड महिना आधी काकांचा मेसेज आला, तेव्हा मला राग धड येईना. अठ्ठावीस हजारांचे पस्तीस हवे होते. 'बिल्डिंगमध्ये सगळीकडे हाच रेट आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. ते खरंच होतं, मी चौकशी केली होती.

दुपारी ऑफिसात उत्तर लिहायला बसले. पहिलं फार कोरडं झालं. दुसऱ्यात बाबांचं आजारपण आलं. ते वाचून माझी मलाच लाज वाटली, म्हणून खोडलं. शेवटी लिहिलं:

'काका, नमस्कार. काकूंचे गुडघे कसे आहेत? तुमचं म्हणणं रास्त आहे, पण एकदम सात हजार मला झेपणार नाहीत. तीस देऊ शकेन. चालत असेल तर या वेळी बावीस महिन्यांचा करार करू, बाराव्या महिन्यापासून पाच टक्के वाढवू. म्हणजे तुम्हाला ब्रोकर नको, घर रिकामं राहायला नको. रंग मी माझ्या खर्चाने काढते. तुम्ही आम्हाला घरच्यासारखं वागवलंत, म्हणून मोकळेपणाने लिहिलं.'

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"मेसेज वाचला गं. काकूलाही वाचून दाखवला."

"रागावला नाहीत ना?"

"छे. पण तिचे दोन्ही गुडघे बदलायचेत. माझं पेन्शन तुला ठाऊक आहे. मुलाकडे किती मागायचं?"

पुढचा आकडा मलाच सुचवावा लागला. "बत्तीस, काका. त्यापुढे खरंच नाही जमणार."

काका म्हणाले, "बत्तीस चालेल. पण अकराच महिने. मग मुलगा विकायचं म्हणतोय. तुला अंधारात ठेवायचं नाही मला."

मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले.

घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "अकरा महिने पुष्कळ झाले." मी पुढच्या घराबद्दल बोलत होते, ते स्वतःच्या उरलेल्या दिवसांबद्दल. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

कराराच्या नोंदणीच्या दिवशी काका अंगठ्याचा ठसा द्यायला आले. सोबत काकूंनी दिलेले बेसनाचे लाडू होते. बाबांना ते चालत नाहीत हे आम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही.